गालातला पांढरा चट्टा: तुकडा कधी काढायचा आणि कुठून

प्रश्न: बाबा हर्णैला ट्रॉलरवर तांडेल आहेत, वय ५६. तीसेक वर्षं तंबाखू-चुना खातात, बार डाव्या गालात ठेवतात. दाढ दुखते म्हणून दाखवायला गेलो तर डॉक्टरांना गालात पांढरा चट्टा दिसला, मागच्या बाजूला थोडा लालसर. चट्टा दुखत नाही. तुकडा काढून तपासायला सांगितलंय. घरात सगळे म्हणतात, सुरी लागली की पसरतं. आता मार्च आहे, सीझन चालू आहे. १ जूनला बंदी लागल्यावर काढला तर चालेल का?

उत्तर:

नाही, जूनपर्यंत थांबू नका. येत्या आठ-दहा दिवसांत तुकडा काढून घ्या. चट्टा नुसता पांढरा, पातळ आणि सगळीकडे सारखा असता तर मीही म्हटलं असतं की आधी तंबाखू पूर्ण बंद करा, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघू. पण लाली दिसली की ही सवलत संपते. असं का, ते नीट सांगते, म्हणजे घरच्यांनाही समजावता येईल.

तंबाखू मळताना चुना घातला की निकोटीन लवकर सुटतं आणि तलफ पटकन भागते. त्याच चुन्याने गालाचं आतलं अस्तर रोज थोडंथोडं भाजतं, आणि तंबाखूतली कर्करोगकारक द्रव्यं त्या दुखावलेल्या जागेत तासन्‌तास मुरत राहतात. अस्तर स्वतःला वाचवायला वरचा थर जाड करत जातं. तो जाड थर ओला झाला की पांढरा दिसतो. म्हणूनच चट्टा बहुतेक वेळा बार ठेवायच्या जागीच सापडतो. बोटीवरच्या माणसांत तो गाल आणि खालची हिरडी यांच्या मधल्या खोबणीत असतो, मशेरी लावणाऱ्या बायकांत खालच्या ओठाच्या आत, पुढच्या हिरडीपाशी. आपल्याकडे तोंडाचा कर्करोग याच खोबणीत आणि गालात जास्त दिसतो, त्याचं कारणही हेच.

इथपर्यंत जे झालं ते बरंचसं परत फिरू शकतं. तंबाखू खरोखर सुटली तर पातळ पांढरे चट्टे काही आठवड्यांत विरतात, हे मी वारंवार पाहिलंय. पण काही चट्ट्यांमध्ये थर जाड होण्यापलीकडे आणखी काही घडू लागतं. पेशींचा आकार आणि त्यांची रचना बिघडते. याला डिस्प्लेसिया म्हणतात. हा कर्करोग नव्हे, पण त्या दिशेने पडलेलं पाऊल आहे. अडचण अशी की हा बिघाड डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही आणि दुखतही नाही. तो फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. ‘दुखत नाही ना, मग कशाला?’ हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. सुरुवातीचा कर्करोगसुद्धा बहुतेक वेळा दुखत नाही. दुखायला लागतो तेव्हा तो बराच खोल गेलेला असतो.

तोंडातला प्रत्येक पांढरा डाग म्हणजे ल्युकोप्लाकिया नाही, हेही लक्षात ठेवा. ओल्या गॉजने पुसल्यावर निघून जातो तो बुरशीचा थर. तुटक्या दाढेची धार गालाला सतत घासते तिथेही पांढरं होतं. ती धार घासून गुळगुळीत केली की दोन आठवड्यांत गाल पूर्ववत होतो. दोन्ही गालांत जाळीसारख्या बारीक पांढऱ्या रेघा असतील तर तो लायकेन प्लेनस असू शकतो. सुपारी खाणाऱ्यांमध्ये गाल फिकट, कडक होतो आणि तोंड उघडायला त्रास होतो, तो सबम्युकस फायब्रोसिस. तोही कर्करोगापूर्वीचाच आजार आहे, पण त्याची ओळख वेगळी. आपल्या भागात श्रीवर्धनपासून गुहागरपर्यंत सुपारीच्या वाड्या आहेत आणि पानाचं तबक घराघरात फिरतं, त्यामुळे एकाच तोंडात दोन्ही आजार सापडणं नवलाचं नाही. ही सगळी कारणं तपासून वगळल्यावर जो न पुसला जाणारा पांढरा चट्टा उरतो, त्याला ल्युकोप्लाकिया म्हणायचं.

आता तो चट्टा पाहायचा कसा. एकसारखा पांढरा, पातळ, वर बारीक सुरकुत्या असलेला, बोट फिरवल्यावर मऊ लागणारा चट्टा तुलनेने कमी धोक्याचा. पांढऱ्यामध्ये लाल ठिपके असतील, पृष्ठभाग दाणेदार किंवा चामखिळीसारखा उंचसखल असेल, किंवा मध्येच सालपट निघाल्यासारखं कच्चं दिसत असेल, तर धोका बराच वाढतो. लाल भागाची भीती अशासाठी की तिथे अस्तर पातळ होऊन खालच्या रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि अस्तर असं पातळ होण्यामागे अनेकदा पेशींचाच बिघाड असतो. मखमलीसारखा निव्वळ लाल चट्टा, ज्याला एरिथ्रोप्लाकिया म्हणतात, तो तर तपासल्यावर बहुतेक वेळा तीव्र डिस्प्लेसिया किंवा कर्करोगच निघतो. चट्टा जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली असेल, किंवा मोठा पसरलेला असेल, तरी मी जास्त सावध होते.

पण डोळ्यांपेक्षा माझा भरवसा बोटावर जास्त. हातमोजा घालून एक बोट गालाच्या आतून आणि अंगठा बाहेरून लावायचा आणि सगळा चट्टा चिमटीत घेऊन हळूहळू चाचपायचा. खाली कुठे कडक, घट्ट, पुठ्ठ्यासारखं लागलं, तर वरून तो कितीही साधा दिसो, तुकडा लगेच. तुमच्या डॉक्टरांनी असं चाचपलं होतं का, आणि जबड्याखाली, मानेत गाठ बघितली का, हे त्यांना जरूर विचारा.

थांबण्याची मुभा कुठे आहे, तेही सांगते. चट्टा पांढरा, मऊ, एकसारखा आहे आणि कारण समोर दिसतंय, म्हणजे तंबाखू, टोकदार दाढ किंवा बुरशी, तर ते कारण दूर करून दोन ते तीन आठवडे थांबता येतं. बुरशी वाटली तर तेवढ्यात तिचं औषधही लावून होतं. त्यानंतर चट्टा तसाच असेल तर तुकडा काढायचाच. दोन आठवड्यांत न भरलेल्या कोणत्याही जखमेला हाच नियम. या काळात तंबाखू ‘कमी’ केली तर परीक्षेला काही अर्थ उरत नाही, कारण चट्टा राहिला तर तो कशामुळे राहिला हे कळत नाही. आणि लाली, दाणे, कडकपणा, न भरणारी जखम, बधिर झालेला ओठ, कमी उघडणारं तोंड किंवा मानेतली गाठ यांतलं एक जरी असलं, तर हे दोन आठवडेसुद्धा नाहीत. मलम लावून, गोळ्या घेऊन, गुळण्या करून बघू म्हणण्यातच पेशंट उशिरा पोचतात.

एक केस तपशिलात सांगते, कारण तुकडा ‘काढला’ आणि ‘योग्य जागेवरून काढला’ यातला फरक तिच्यातून कळतो. राजापूरकडच्या काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या एक मावशी, वय पन्नाशीच्या आतलं. लग्नाआधीपासून सकाळ-संध्याकाळ मशेरी. खालच्या ओठाच्या आतून पांढरा जाड पट्टा सुरू होऊन डाव्या गालातून शेवटच्या दाढेपर्यंत गेलेला. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा हातात एक रिपोर्ट होता: थर जाड झालाय, डिस्प्लेसिया नाही. घरचे निर्धास्त होते. तक्रार एवढीच की मागच्या बाजूला तिखट लागतं.

मी गॉजने गाल कोरडा केला, जीभ बाजूला सारली आणि अगदी मागे, दाढेच्या पलीकडे पाहिलं. पुढचा पट्टा खरोखर निरुपद्रवी दिसत होता. मागे मात्र मसूरडाळीपेक्षा थोडी मोठी लाल, दाणेदार जागा होती आणि तिच्याखाली किंचित कडक लागत होतं. पहिला तुकडा पुढून, जिथे चट्टा सगळ्यांत पांढरा आणि जाड होता तिथून घेतलेला होता. तिथे हात सहज पोचतो, टाका घालणंही सोपं. रिपोर्ट खोटा नव्हता. तो फक्त त्या पुढच्या जागेचा होता. आंब्याच्या पेटीत वरच्या थरातला एक आंबा चांगला निघाला म्हणून खालचा थर चांगला ठरत नाही, तसं झालं होतं.

दुसरा तुकडा मागच्या लाल जागेवरून घेतला. मध्यम डिस्प्लेसिया आला. मग तो सगळा मागचा भाग भोवतीच्या निरोगी अस्तरासकट काढला, आणि पूर्ण नमुना तपासल्यावर त्यात एका कोपऱ्यात कर्करोगाची अगदी छोटी, उथळ सुरुवात सापडली. म्हणजे योग्य जागेवरून घेतलेला छोटा तुकडासुद्धा कमी सांगू शकतो. त्यांचं काम एका शस्त्रक्रियेत आटोपलं, तेही जबड्याचं हाड न कापता. पहिल्या रिपोर्टवर विसंबून त्या वर्षभर थांबल्या असत्या तर तसं झालं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून मी दोन गोष्टी पाळते. चट्ट्यात वेगवेगळ्या रूपाचे भाग असतील तर सगळ्यांत वाईट दिसणाऱ्या, म्हणजे लाल, दाणेदार किंवा कडक भागातून तुकडा, आणि चट्टा मोठा असेल तर दोन-तीन ठिकाणांहून, प्रत्येक तुकडा वेगळ्या बाटलीत, जागेचं नाव लिहून. आणि रिपोर्ट जर समोरच्या चट्ट्याशी जुळत नसेल, तर रिपोर्टवर नाही, चट्ट्यावर विश्वास ठेवून पुन्हा तुकडा घ्यायचा.

बाबांचा तुकडा काढताना प्रत्यक्षात काय होतं ते सांगा त्यांना, भीती निम्मी होईल. दाढ काढताना देतात तसंच भूल देणारं इंजेक्शन, चट्ट्याच्या बाजूला. मग लांबट डोळ्याच्या आकाराची चीर किंवा पाचेक मिलिमीटरचं गोल पंच. तुकडा फार वरवरचा नको. खालचा थर त्यात आला नाही तर पेशी खाली उतरल्यात की नाही हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही. जखम असेल तर तिच्या मधोमध मेलेल्या पेशी असतात, म्हणून तिथून नाही, काठावरून घ्यायचा. तुकडा १० टक्के फॉर्मलिनमध्ये टाकतात. सलाइनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये ठेवलेला तुकडा प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बिघडतो. आमच्याकडून नमुने बाहेरगावी जातात, तेव्हा हे फार महत्त्वाचं. दोन-तीन टाके, गॉज दाबून धरायचा, आणि माणूस चालत घरी जातो. दोन दिवस गार पेज आणि मऊ भात, तिखट कालवण नको. टाके आठवड्याने काढतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना आधी सांगायचं. मधुमेह असेल तर तेही.

पहिल्याच फटक्यात सगळा चट्टा काढून टाका किंवा लेसरने जाळून टाका, असा आग्रह धरू नका. निदान व्हायच्या आधी जाळला तर तपासायला काही उरत नाही. आणि आत कर्करोग निघाला तर तो नेमका कुठून कुठवर होता हे पुढच्या सर्जनला कळत नाही, मग त्याला अंदाजाने जास्त कापावं लागतं.

आता सुरी लागली की पसरतं, ही गोष्ट. घरच्यांनी हे कुणाच्या तरी बाबतीत डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून ते उडवून लावू नका. होतं असं की माणूस जखम घेऊन महिनोन्‌महिने घरी बसतो, शेवटी दुखायला लागल्यावर येतो, तुकडा काढतात, आणि दोन-तीन महिन्यांत तो खालावतो. लोकांच्या लक्षात तुकडा राहतो, आधीचे महिने राहत नाहीत. कर्करोग कुठे आणि किती पसरणार हे त्याच्या पेशींवर आणि तो किती खोल गेलाय यावर ठरतं. तोंडातला छोटा तुकडा घेतल्याने ते बदलत नाही. उलट तुकड्याशिवाय कर्करोगाचा कोणताही उपचार सुरूच होत नाही. नुसता रंग लावून किंवा ब्रशने पेशी खरवडून केलेल्या तपासण्या कुठे शंका घ्यायची हे सुचवतात, पण त्यांत काही निघालं नाही म्हणून तुकडा टाळता येत नाही.

रिपोर्ट साधारण आठवडाभरात येतो. ‘हायपरकेरॅटोसिस, डिस्प्लेसिया नाही’, म्हणजे थर नुसता जाड झालाय, असं असेल आणि ते चट्ट्याच्या रूपाशी जुळत असेल, तर तंबाखू बंद आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. सौम्य डिस्प्लेसिया असेल तर तंबाखू बंद करून दर तीन महिन्यांनी. तेवढ्यात चट्टा बदलला तर पुन्हा तुकडा. मध्यम असेल तर मी बहुधा चट्टा काढून टाकायचा सल्ला देते, तीव्र असेल तर काढायचाच. बाबांना लाली आहे, म्हणून ‘डिस्प्लेसिया नाही’ असा रिपोर्ट आला तर तुकडा नेमका कुठल्या भागातून घेतला होता हे आधी विचारा. चट्टा काढल्यावर धोका कमी होतो, शून्य होत नाही, कारण त्याच तंबाखूचा मार गालाच्या उरलेल्या भागानेही खाल्लेला असतो. म्हणून तपासणी वर्षानुवर्षं चालू ठेवायची. दर महिन्याला एकाच खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, मोबाइलवर गालाचा फोटो काढून ठेवा. चट्टा वाढतोय का हे आठवणीपेक्षा फोटो खरं सांगतो.

ल्युकोप्लाकियाचे बहुतेक चट्टे कधीच कर्करोग होत नाहीत, हे बाबांना स्पष्ट सांगा. आपण तुकडा काढतोय तो त्यातले जे होणार आहेत ते ओळखण्यासाठी.

दाढेचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण ते मला महत्त्वाचं वाटतं. ती दाढ त्याच बाजूची आहे का? हलते आहे का? चट्ट्याला लागून असलेली दाढ विनाकारण हलायला लागली तर ती आधी उपटून टाकायची नाही. एक्स-रे काढा, तिच्या भोवतीची हिरडी तपासा, आणि हिरडीवर काही दिसत असेल तर तुकडा तिथूनही घ्या. खाली कर्करोग असताना दाढ काढली की खड्डा भरत नाही, आणि सगळे ‘दाढेची जखम’ म्हणून आणखी दोन महिने औषधं देत राहतात.

सीझनचं म्हणाल तर बाबांना एक फेरी चुकवावी लागेल, जास्तीत जास्त टाके निघेपर्यंत. तोंडात टाके असताना खारं वारं, बोटीवरचं तिखट जेवण आणि शेजारी मळली जाणारी तंबाखू, हे नको. रात्रभर जाळं टाकून जागायचं तर बार लागतोच, असं तांडेल मंडळी सांगतात, आणि तलफ खरी असते. निकोटीनचं च्युइंगगम मिळतं. ते टाके निघाल्यावर, दुसऱ्या गालात आणि डॉक्टरांना विचारून वापरता येतं. पण तुकड्याची तारीख तंबाखू सुटण्यासाठी अडवून ठेवू नका.

तुकडा दापोलीत किंवा खेडला मुखशल्यचिकित्सकाकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे निघू शकतो, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. रिपोर्टमध्ये कर्करोग आलाच तर डेरवणचं वालावलकर रुग्णालय तुम्हाला जवळ आहे, आणि परळचं टाटा रुग्णालय आहेच. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया येते, त्यामुळे रेशनकार्ड आणि आधारकार्ड हाताशी ठेवा. आणि पुढे कुठेही गेलात तरी नुसता रिपोर्टचा कागद घेऊन जाऊ नका. ज्या प्रयोगशाळेने तुकडा तपासला तिथून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात ते स्वतः पुन्हा पाहतात, आणि ब्लॉक नसतील तर तुकडा पुन्हा काढावा लागू शकतो.